अर्धवट कलमाचा सारांश लिहिण्याआधी उरलेला मजकूर कसा मागवावा

करारातले एक कलम कुणीतरी कॉपी करून पाठवते आणि म्हणते, "याचा अर्थ चार ओळींत सांगा." समजा, करार एका यंत्राच्या देखभालीचा आहे. ग्राहकाने वर्षभराचे शुल्क सुरुवातीलाच भरले आहे, आणि आता त्याला करार मध्येच संपवायचा आहे. पाठवलेला मजकूर असा आहे (समजावण्यासाठी रचलेला असला, तरी प्रत्यक्षात असेच तुकडे येतात):

> ९.२ ग्राहक ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन हा करार कोणत्याही वेळी संपुष्टात आणू शकेल. समाप्तीच्या दिनांकापर्यंत पुरवलेल्या सेवांचे शुल्क ग्राहकाने द्यावे. ग्राहकाने आगाऊ भरलेल्या शुल्कापैकी समाप्तीनंतरच्या कालावधीचे शुल्क, (अ) समाप्ती पहिल्या १२ महिन्यांत झाल्यास, (ब) ग्राहकाने यंत्र अन्य व्यक्तीस विकल्यास,

मजकूर इथेच थांबतो. पहिली दोन वाक्ये पुरी आहेत, तिसरे तुटलेले आहे. घाईत असलेला माणूस सारांश लिहून मोकळा होतो: "३० दिवसांची नोटीस देऊन केव्हाही बाहेर पडता येते. पहिल्या वर्षात बाहेर पडल्यास किंवा यंत्र विकल्यास उरलेले पैसे परत मिळतात." वाचायला हे अगदी पटण्यासारखे आहे. यंत्रच विकले तर देखभालीचे पैसे कशाला द्यायचे, असा साधा हिशेबही त्यामागे आहे.

पण त्या तुटलेल्या वाक्यात "परत मिळतात" हे शब्द कुठेच नाहीत. ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने घातले आहेत. "...यंत्र अन्य व्यक्तीस विकल्यास" यापुढे "परत केले जाईल" हे जितके चपखल बसते, तितकेच "परत केले जाणार नाही" हेही बसते. दुसऱ्या वाचनामागेही तितकाच सरळ हिशेब आहे: पहिल्या वर्षात करार मोडणाऱ्याला किंवा यंत्र विकून मोकळे होणाऱ्याला देखभाल करणारा पैसे परत देऊ इच्छित नाही. हातातल्या मजकुरावरून या दोन्हींपैकी एक निवडण्याचा कोणताही आधार मिळत नाही. म्हणून सारांश तिथेच थांबवून उरलेला मजकूर मागवायचा असतो.

मराठी वाक्य तुटते तेव्हा काय गळते

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. "सेवादारास भरपाई मागण्याचा अधिकार राहील" आणि "सेवादारास भरपाई मागण्याचा अधिकार राहणार नाही" ही वाक्ये "अधिकार" या शब्दापर्यंत अक्षरशः एक आहेत. करारातले वाक्य सहज पन्नास-साठ शब्दांचे असते. कोण, काय, केव्हा, किती हे सगळे त्यात आधी येते, आणि हो की नाही हे शेवटच्या दोन-तीन शब्दांत कळते. त्यामुळे शेपूट गेलेले मराठी कलम नव्वद टक्के हाती आहे असे वाटले, तरी निकाल मात्र उरलेल्या दहा टक्क्यांत असतो.

दुसरी गोष्ट शब्दयोगी अव्ययांची. "आग, पूर, संप, वीजपुरवठ्यातील खंड" एवढ्यावर यादी तुटली, तर पुढे "यांमुळे झालेले नुकसान" होते की "यांमुळे झालेले नुकसान वगळता" होते, हे सांगता येत नाही. "वगळता", "खेरीज", "अधीन राहून" हे शब्द मराठीत यादीच्या मागून येतात. यादी पूर्ण हाती असली तरी ती लागू होणाऱ्या गोष्टींची आहे की सुटणाऱ्या गोष्टींची, हे तिच्या मागचा शब्द ठरवतो.

तिसरी गोष्ट अगदी बारीक आहे. "नोटीस दिल्यास" आणि "नोटीस दिल्यासच" यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात नोटीस हा एक मार्ग आहे, दुसऱ्यात तो एकमेव मार्ग आहे. ओळीच्या टोकाचे अक्षर स्क्रीनशॉटच्या कडेला कापले गेले तर तो "च" जातो, आणि गेल्याचे कळतही नाही, कारण उरलेला शब्द पूर्ण दिसतो.

पूर्णविराम आहे म्हणजे कलम पुरे झाले असे नाही

वरच्या तुकड्यातली पहिली दोन वाक्ये पूर्ण आहेत, मग निदान त्यांचा सारांश तरी बिनधास्त लिहावा, असे कुणालाही वाटेल. धोका सर्वांत जास्त इथेच आहे. कराराची भाषा आधी सर्वसाधारण नियम सांगते आणि मग त्याला छेद देते. हा छेद त्याच कलमाच्या शेवटी "परंतु" किंवा "तथापि" म्हणून येतो (याला परंतुक म्हणतात), किंवा पुढच्या पोटकलमात "९.२ मध्ये काहीही असले तरी" असे म्हणत येतो. तुकड्यातले तिसरे वाक्य तुटले आहे, म्हणजे त्यापुढे मजकूर आहे हे नक्की. त्या मजकुरात पहिल्या वाक्यातले ३० दिवस बदलणारे परंतुक नसेलच असे म्हणता येत नाही. म्हणून मजकूर येईपर्यंत तुटलेल्या वाक्याबरोबर त्याच्या आधीची पूर्ण वाक्येही तात्पुरतीच धरावीत.

तुकडा कुठे तुटला आहे हे ओळखणे

मजकूर शेवटी तुटला असेल तर ते सहसा दिसते. शेवटी स्वल्पविराम किंवा अर्धविराम असतो, उघडलेला कंस बंद झालेला नसतो. यादीत शेवटच्या मुद्द्याआधी "किंवा" अथवा "आणि" यायला हवे, ते आलेले नसते. वरच्या तुकड्यात (ब) च्या आधी "किंवा" नाही, त्यामुळे निदान (क) तरी असणार, हा अंदाज बांधता येतो. यादीत मुद्दे किती आहेत एवढाच त्याचा उपयोग; (क) मध्ये काय आहे ते त्यावरून कळत नाही.

वरचा भाग गळलेला ओळखणे जास्त अवघड असते. पाठवणारा "महत्त्वाचे तेवढे" म्हणून यादीचे मुद्दे उचलतो आणि यादीच्या डोक्यावरची ओळ सोडून देतो. मग हाती असे काही येते:

> (अ) बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल;
> (ब) वादात नसलेली रक्कम भरलेली असेल;
> (क) हरकतीची कारणे नमूद केली असतील.

यात प्रत्येक वाक्य पूर्ण आहे, शेवटी पूर्णविराम आहे, क्रमांकही सलग आहेत. तरीही सर्वांत महत्त्वाचे काही गेले आहे. डोक्यावरची ओळ "खालील सर्व अटी पूर्ण झाल्यास" अशी होती की "खालीलपैकी कोणतीही एक अट पूर्ण झाल्यास" अशी होती? आणि अटी पूर्ण झाल्यास होणार काय होते, बिल थांबवता येणार होते की फक्त व्याज लागणार नव्हते? यादी हातात आली की तिच्यावरची ओळ आली आहे का, हे लगेच पाहावे. मजकूर क्रमांक आणि शीर्षक यांपासून सुरू न होता मध्येच सुरू होत असेल, तर वरचे काही राहिले असल्याचे धरून चालावे.

मधला भाग गळतो तो पान उलटताना. (ब) नंतर एकदम (ड) आला, "वरील (क) मध्ये नमूद केलेली मुदत" असा उल्लेख आला पण (क) कुठेच नाही, किंवा वाक्याचा कर्ता एक आणि क्रियापद दुसऱ्याच कशाचे तरी असले, तर मध्ये एखादी ओळ किंवा आख्खे पान गेले आहे. पीडीएफमधून कॉपी करताना पानाच्या तळाची टीप किंवा पानक्रमांक वाक्याच्या मधोमध येऊन बसतो. दोन स्तंभांच्या करारात डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. टाइप केलेल्या फाइलमधून साधा मजकूर म्हणून चिकटवताना आपोआप दिलेले क्रमांक काही वेळा सोबत येतच नाहीत, आणि मग यादी कुठे संपली आणि पुढचे वाक्य कुठे सुरू झाले हेच समजत नाही. खोडरेघ मारलेल्या शब्दांचे तर उलटे होते: साध्या मजकुरात रेघ नाहीशी होते आणि रद्द केलेले शब्द जिवंत होऊन बसतात. अशा वेळी मजकूर कमी झालेला नसतो, वाढलेला असतो. तरी उपाय एकच, मूळ पान पाहणे.

नेमके काय मागायचे

"कलम पूर्ण पाठवा" एवढेच लिहिले की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. पाठवणाऱ्याला वाटते आपण पूर्णच पाठवले होते, म्हणून तो तोच तुकडा पुन्हा पाठवतो. नाहीतर वैतागून साठ पानांचा करार टाकतो आणि "यात बघून घ्या" म्हणतो. दोष त्याचा नसतो. कुठे तुटले आहे ते त्याला दिसत नाही, कारण त्याच्यासमोर पूर्ण करार उघडा आहे. तुटलेली जागा आपल्याला दिसते, म्हणून ती आपणच दाखवायची.

मागणीत तीन गोष्टी नेमक्या हव्यात. पहिली, आपल्याकडे आलेले शेवटचे चार-पाच शब्द जसेच्या तसे. दुसरी, मजकूर कुठपर्यंत हवा त्याची खूण. इथे एक साधी युक्ती फार उपयोगी पडते: पुढच्या कलमाची पहिली ओळही मागायची. ९.३ सुरू झाल्याचे डोळ्यांनी दिसले की ९.२ तिथे संपल्याचा पुरावा मिळतो, आणि ९.३ ची सुरुवात "९.२ मध्ये काहीही असले तरी" अशी असेल तर तेही लागलीच कळते. तिसरी, मजकूर कोणत्या रूपात हवा. पुन्हा टाइप केलेला नको, पूर्ण पानाची प्रत हवी, वरची आणि खालची कड दिसेल अशी.

वरच्या तुकड्यासाठी असा निरोप पुरेल:

> नमस्कार. कलम ९.२ चा मजकूर मिळाला. तो "(ब) ग्राहकाने यंत्र अन्य व्यक्तीस विकल्यास," येथे थांबतो आणि वाक्य पुरे होत नाही. उरलेले शुल्क परत मिळणार की नाही हे पुढच्या शब्दांवर ठरते, म्हणून तो भाग आल्याशिवाय सारांश देता येणार नाही.
>
> कृपया हे पाठवावे: ज्या पानावर हे वाक्य आहे ते पूर्ण पान, त्यापुढचे पान, आणि कलम ९.३ ची निदान पहिली ओळ. फोटो किंवा पीडीएफ चालेल. मजकूर पुन्हा टाइप करू नये. पानाच्या तळाशी कराराची तारीख किंवा आवृत्ती छापलेली असल्यास ती दिसू द्यावी.
>
> रकमा गोपनीय असतील तर आकडे झाकावेत, पण शब्द झाकू नयेत.

निरोपात कारण एका वाक्यात दिले आहे, ते मुद्दाम. मजकूर का हवा हे कळले की माणूस पटकन पाठवतो आणि नेमका तोच भाग पाहून पाठवतो. शेवटची ओळही तितकीच कामाची आहे. कलम अर्धवट येण्याचे कारण नेहमीच निष्काळजीपणा नसते. दर किंवा सवलती बाहेर जाऊ नयेत म्हणून लोक मुद्दाम कापतात. त्यांना रकमा झाकायची मोकळीक दिली की उरलेले सगळे मिळते. "वगळता", "नाही", "किंवा", "पर्यंत" हे शब्द दिसत असतील, तर झाकलेल्या आकड्याच्या जागी "ठरलेली रक्कम" लिहून सारांश करता येतो.

आणखी काय मागावे, याचा मोह आवरावा लागतो. कलमात जाड अक्षरांत किंवा अवतरणात दिलेले शब्द असतील, म्हणजे कराराने त्यांना स्वतःचा अर्थ दिला असेल, तर त्या शब्दांपुरती व्याख्या मागावी. कलमात दुसऱ्या कलमाचा किंवा परिशिष्टाचा उल्लेख असेल तर तेवढाच भाग मागावा. सारांश एका कलमाचा हवा असताना पहिल्याच निरोपात व्याख्यांचे आख्खे प्रकरण, सगळी परिशिष्टे आणि सगळा पत्रव्यवहार मागितला की समोरचा माणूस दमतो, आणि तुटलेल्या दोन ओळी मात्र राहूनच जातात. आधी तुटलेली जागा भरून घ्यावी, मग भरलेल्या मजकुरात नवे उल्लेख दिसतील तसे पुढे मागत जावे.

आलेला भाग जोडण्याआधी सांधा तपासणे

आता समजा, उत्तर आले:

> ...(ब) ग्राहकाने यंत्र अन्य व्यक्तीस विकल्यास, किंवा (क) ग्राहकाकडे थकबाकी असल्यास थकबाकीच्या मर्यादेपर्यंत, परत केले जाणार नाही. इतर सर्व बाबतींत सेवादार ते समाप्तीपासून ४५ दिवसांत परत करील. परंतु, पहिल्या १२ महिन्यांत करावयाच्या समाप्तीसाठी नोटिशीचा कालावधी ९० दिवसांचा राहील.
>
> ९.३ कलम ९.२ मध्ये काहीही असले तरी, परिशिष्ट २ मध्ये नमूद केलेल्या यंत्रांबाबत...

पहिले काम सांधा पाहण्याचे. जुन्या तुकड्याचे शेवटचे शब्द आणि नव्या तुकड्याचे पहिले शब्द एकमेकांवर बसतात का? पूर्ण पान मागितल्याचा फायदा इथे दिसतो. नव्या पानावर जुना मजकूरही असतो, त्यामुळे दोन्ही शब्दाशब्दाने ताडून पाहता येतात. जुन्या तुकड्यात "३० दिवस" आणि नव्या पानावर त्याच जागी "४५ दिवस" दिसले, तर दोन्ही मजकूर एकाच करारातले नाहीत. एक बहुधा आधीच्या मसुद्यातला आहे.

ही चूक फार होते. वाटाघाटींत कराराच्या चार-पाच आवृत्त्या तयार होतात, त्या एकाच फोल्डरमध्ये मिळत्याजुळत्या नावांनी पडून असतात, आणि राहिलेला भाग पाठवताना माणूस हाताला येईल ती फाइल उघडतो. मग अर्धे कलम सही झालेल्या करारातले आणि अर्धे रद्द झालेल्या मसुद्यातले असे जोडकाम तयार होते. व्याकरणाने ते नीट वाचता येते, पण असे कलम कुणीही मान्य केलेले नसते. आकड्यांखेरीज आणखी दोन खुणांवरून ते पकडता येते. पहिल्या भागात "सेवादार" आणि दुसऱ्यात "पुरवठादार" असे नाव बदलते, किंवा (अ), (ब) असे चाललेले क्रमांक पुढे (१), (२) होतात. तळाची तारीख किंवा आवृत्ती जुळते का हेही पाहावे. काहीही जुळत नसेल तर एकच प्रश्न विचारावा: "सही झालेली प्रत कोणती?" आणि पूर्ण कलम त्याच प्रतीतून घ्यावे. आधीचा तुकडा सोडून द्यावा, त्याला ठिगळ लावू नये.

आपल्या उदाहरणात सांधा जुळला असे धरू. आता त्या घाईतल्या सारांशाचे काय झाले ते पाहू. पैसे परत मिळतात असे वाटले होते, ते नेमके उलटे निघाले. आणि जे वाक्य पूर्ण होते, ज्याच्या शेवटी पूर्णविराम होता, तेही बदलले: पहिल्या वर्षात नोटीस ३० दिवसांची नसून ९० दिवसांची आहे.

ग्राहक सातव्या महिन्याच्या शेवटी नोटीस देणार आहे. चुकीच्या सारांशाप्रमाणे करार आठव्या महिन्याच्या शेवटी संपतो आणि उरलेल्या ४ महिन्यांचे शुल्क परत येते. खऱ्या कलमाप्रमाणे करार दहाव्या महिन्याच्या शेवटी संपतो. उरतात फक्त २ महिने, आणि समाप्ती पहिल्या १२ महिन्यांत झाल्याने त्यांचेही शुल्क परत मिळत नाही. ज्याला ४ महिन्यांचे पैसे येतील असे सांगितले गेले, त्याला काहीच येणार नाही. हे त्याला नोटीस देण्याआधी कळले, तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायचे की नाही हे तो ठरवू शकतो. नोटीस गेल्यावर कळले तर ठरवण्यासारखे फारसे उरत नाही.

पूर्ण मजकूर आल्यावर एक नवी गोष्टही दिसते. समजा, नोटीस अकराव्या महिन्यात दिली आणि करार त्यानंतर, म्हणजे पहिले वर्ष उलटल्यावर संपला. ही "पहिल्या १२ महिन्यांत करावयाची समाप्ती" आहे का? नोटिशीचा दिवस धरायचा की करार संपल्याचा? परताव्याच्या वाक्यात "समाप्ती झाल्यास" म्हटले आहे, तिथे कल करार संपल्याच्या दिवसाकडे दिसतो. परंतुकात "करावयाच्या समाप्तीसाठी" म्हटले आहे, तिथे इतके स्पष्ट नाही. ही संदिग्धता कलमातच आहे, ती आणखी मजकूर मागून मिटेलच असे नाही. सारांशात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: मजकूर मिळाला नाही म्हणून जे सांगता येत नाही ते एकीकडे, आणि मजकूर पूर्ण असूनही ज्याचे दोन अर्थ होतात ते दुसरीकडे. पहिल्यासाठी कागद लागतो. दुसऱ्यासाठी समोरच्या पक्षाकडून लेखी खुलासा किंवा वकिलाचे मत लागते.

९.३ ची ओळ मागितली नसती तर परिशिष्ट २ चा पत्ताही लागला नसता. आता पुढचा निरोप एवढाच: "९.३ पूर्ण पाठवावे, आणि परिशिष्ट २ मधील यंत्रांची यादी. आपले यंत्र त्या यादीत आहे का ते पाहायचे आहे." यंत्र यादीत नसेल तर ९.३ सारांशात एका वाक्यात येईल. असेल तर सारांशाची सुरुवातच ९.३ पासून करावी लागेल.

उरलेला भाग मिळालाच नाही तर

कधी मुदत आज संध्याकाळची असते आणि करार ज्याच्याकडे आहे तो माणूस भेटत नाही. अशा वेळी काही न देण्यापेक्षा मर्यादित टिपण द्यावे, पण त्याला सारांश म्हणू नये. मजकूर कुठे संपतो ते पहिल्याच ओळीत सांगावे, तळटिपेत नाही. तळटीप पुढे पाठवताना गळते आणि आपले टिपणच अर्धवट कॉपी होऊन फिरू लागते. वरच्या तुकड्यासाठी असे लिहिता येईल:

> कलम ९.२ चा मजकूर "(ब) ग्राहकाने यंत्र अन्य व्यक्तीस विकल्यास," येथपर्यंतच उपलब्ध आहे. हे कलम ग्राहकाने करार संपवण्याबद्दल आहे. उपलब्ध भागात ३० दिवसांच्या लेखी नोटिशीचा उल्लेख आहे. पुढील मजकुरात त्याला अपवाद असू शकतो. आगाऊ शुल्क परत मिळते की नाही, हे उपलब्ध भागावरून सांगता येत नाही. उरलेला मजकूर पाहिल्याशिवाय नोटीस देऊ नये.

यात "साधारणपणे अशा कलमांत शुल्क परत मिळते" असे वाक्य नाही. अनुभवी माणसाला ते लिहिण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण त्याने अशी शेकडो कलमे पाहिलेली असतात आणि शेपूट काय असेल याचा त्याचा अंदाज चांगला असतो. पण वाचणारा "साधारणपणे" हा शब्द विसरतो आणि "परत मिळते" लक्षात ठेवतो. शिवाय नेहमीच्या शब्दांत फेरफार झालेला असतो तो बहुधा अशाच जागी, कारण दोन पक्षांनी घासाघीस केलेली असते ती मुदत, परतावा आणि अपवाद यांवरच.

एक शक्यता उरते. पाठवणारा म्हणतो, "पुढे काहीच नाही, करारात इतकेच आहे." तेव्हा सही झालेल्या प्रतीचे ते पान आणि पुढचे पान पाहायला मागावे. पानक्रमांक सलग आहेत का, "१४ पैकी ९" अशा छापील खुणेनंतर एकदम "१४ पैकी ११" येते का, हे पाहावे. पान गहाळ असेल तर दुसऱ्या पक्षाकडची प्रत मागवता येते, तीही सही झालेलीच असते. पण पाने सलग असतील, आणि सह्यांच्या प्रतीतच वाक्य "विकल्यास," वर संपून खाली ९.३ सुरू होत असेल, तर मजकूर मसुदा तयार करतानाच गळला आहे. अशा वेळी आधीच्या मसुद्यात काय होते ते शोधून सारांशात "मुळात असे म्हणायचे होते" असे भरू नये. लिहायचे ते एवढेच: सही झालेल्या करारात कलम ९.२ चे तिसरे वाक्य अपूर्ण आहे, शुल्काच्या परताव्याबद्दल त्यात निर्णय दिलेला नाही, आणि दोन्ही पक्षांनी लेखी दुरुस्ती केल्याशिवाय या मुद्द्यावर काहीही गृहीत धरू नये. आधीचा मसुदा सापडला तर तो टिपणाला वेगळा जोडावा, त्याची तारीख लिहून.